अडीचशे शब्दांचा संशोधक परिचय: काय ठेवायचं, काय गाळायचं

*पीएच.डी. होऊन सहा वर्षं झाली. पाण्याच्या नळ्यांच्या आतल्या बाजूला जिवाणूंचे जे थर वाढतात, त्यांवर काम करते. अकरा शोधनिबंध आहेत, पाचांत पहिली लेखक. अकरांपैकी आठ पीएच.डी.च्या मार्गदर्शकांसोबत. सर्वांत जास्त सायटेशन एका आढावा निबंधाला आहेत. स्वतःच्या नावावर एकच छोटं अनुदान, शिवाय एका मोठ्या प्रकल्पात सहसंशोधक. मधे पंधरा महिने पालकत्व रजा होती. आता त्याच थरांत अडकणाऱ्या सूक्ष्म प्लास्टिक कणांवर अर्ज करते आहे आणि त्यात २५० शब्दांत परिचय मागितला आहे. कुणी सांगतं सगळी प्रकाशनं दाखव, कुणी म्हणतं पुढची दिशा ठळक कर. अनुदानाचा रकाना तर रिकामाच वाटतो. कशाला किती जागा द्यावी?*

जागेचं गणित शेवटी सुटतं. आधी हे पाहा की परीक्षक हा परिचय मनात कुठली शंका घेऊन वाचतो. प्रस्ताव त्याने वाचलेला असतो किंवा निदान चाळलेला असतो. कल्पना पटली असेल तर पुढचा प्रश्न एवढाच उरतो: हे काम या व्यक्तीकडून होईल का? ही शंका सगळ्या प्रस्तावावर सारखी पसरलेली नसते. ती एखाद्या टप्प्यावर दाटून येते, आणि परिचयातला मजकूर निवडायचा तो त्या टप्प्याकडे बघून.

तुमच्या प्रस्तावात तो टप्पा ओळखणं अवघड नाही. थर कसा वाढवायचा, प्रवाहाखाली कसा ठेवायचा, हे तुम्हाला येतं याबद्दल कुणी शंका घेणार नाही. अडचण आहे ती थरातून कण सोडवून ते कुठल्या प्लास्टिकचे आहेत हे ओळखण्याची. जिवाणूंनी स्रवलेल्या चिकट पदार्थात रुतलेला कण तसाच रामन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर सेंद्रिय पदार्थाच्या प्रतिदीप्तीत प्लास्टिकची खूण बुडून जाते. तो पदार्थ काढायला तीव्र रसायन वापरलं, तर काही प्रकारची प्लास्टिकंच बिघडतात. भरीला प्रयोगशाळेतल्या हवेतले आणि कपड्यांचे कृत्रिम तंतू नमुन्यात पडतात. या विषयातला परीक्षक पहिल्यांदा हेच बघेल: ‘थरांची जाणकार आहे, पण कणांचं काय?’ तुमच्या परिचयाने या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, तर अकराच्या जागी एकवीस निबंध असले तरी शंका जागच्या जागी राहते.

म्हणून लिहायला बसण्याआधी एक तक्ता करा. अकरा निबंधांच्या अकरा ओळी आणि प्रत्येकीसमोर चार रकाने: प्रस्तावातला कुठला टप्पा या निबंधामुळे शक्य वाटतो, त्यात तुम्ही स्वतः काय केलं, निष्कर्ष एका वाक्यात काय, आणि त्याचा पुढे कुणी उपयोग केला का. पहिला रकाना रिकामा राहिला तर तो निबंध परिचयातून बाहेर. मग तो कितीही नावाजलेल्या नियतकालिकात आलेला असो.

हा तक्ता भरला की निवड बहुधा अनपेक्षित निघते. तुमच्या बाबतीत समजा असं दिसलं: थराच्या रासायनिक रचनेचे रामन नकाशे काढलेला एक निबंध आहे, ज्यात तुम्ही दुसऱ्या लेखक आहात आणि प्रतिदीप्ती कमी करण्यासाठी नमुना तयार करण्याची पद्धत तुम्ही बसवली आहे. एरवी हा निबंध यादीच्या मधोमध हरवला असता. या अर्जासाठी मात्र तो सर्वांत मोलाचा आहे, कारण जिथे शंका आहे नेमकं तिथलं कौशल्य तो दाखवतो. उलट सर्वाधिक सायटेशनचा आढावा निबंध बाहेर जातो. आढाव्यांना मूळ प्रयोगांपेक्षा जास्त सायटेशन मिळणं ही नेहमीची गोष्ट आहे आणि परीक्षकालाही ती ठाऊक असते. आढाव्यातून तुमचं वाचन कळतं, तुमचा हात कळत नाही. अगदी ठेवायचाच असेल तर अर्ध्या वाक्यात उल्लेख करा.

अडीचशे शब्दांत तीन निबंध नीट मावतात, ओढूनताणून चार. बाकीची यादी अर्जात वेगळ्या ठिकाणी मागितलेली असते किंवा ऑर्किड या संशोधक-ओळखक्रमांकाच्या नोंदीत असते. मात्र अर्जात स्वतंत्र यादीच नसेल आणि फक्त दुवा द्यायचा असेल, तर परीक्षक तो उघडेल असं धरून चालू नका. काही निधी संस्था परीक्षकांना अर्जाबाहेरचा मजकूर विचारात घेऊ नका असंच सांगतात. अशा वेळी एकूण संख्या आणि पहिल्या लेखकत्वाची संख्या एका वाक्यात द्या आणि पुढे चला.

निवडलेल्या प्रत्येक निबंधाबद्दलचं वाक्य निष्कर्षापासून सुरू झालं पाहिजे. ‘मी अमुक नियतकालिकात अमुक विषयावर निबंध प्रसिद्ध केला’ या वाक्यात विषय कळतो, पण काय सापडलं ते कळत नाही. त्याऐवजी ‘प्रवाहाचा वेग अचानक वाढला की थराचा वरचा भाग सुटतो आणि नळीलगतचा टिकतो, हे मी दाखवलं’ असं लिहा. यानंतर तुमची भूमिका यायला हवी. इथे बहुतेक जण ‘आम्ही’ म्हणून थांबतात. निबंधात ‘आम्ही’ योग्यच, परिचयात मात्र परीक्षकाला तुमचा वाटा वेगळा काढून हवा असतो. भूमिका सांगायला शब्द सुचत नसतील तर ‘क्रेडिट’ नावाची लेखक-योगदानाची प्रमाण यादी बघा. तिच्यात संकल्पना, पद्धती, विश्लेषण, सॉफ्टवेअर, मूळ मसुदा लिहिणं अशा १४ भूमिका आहेत आणि पुष्कळ नियतकालिकं आता निबंधाच्या शेवटी त्या छापतात. तुमच्या निबंधात त्या छापलेल्या असतील तर परिचयातलं वर्णन त्यांच्याशी जुळलं पाहिजे. तिथे ‘विश्लेषण’ छापलेलं आणि इथे ‘पद्धत मी विकसित केली’ असं लिहिलेलं, ही तफावत पकडायला परीक्षकाला एक मिनिटही लागत नाही.

मार्गदर्शकांसोबतचे आठ निबंध लपवायचं कारण नाही, पण निवडलेले तिन्ही निबंध त्या आठांतलेच असले तर स्वातंत्र्याचा प्रश्न उभा राहतो. तीनपैकी निदान एक त्यांच्याशिवायचा असू द्या. तो रामन निबंध तसा असेल तर एका दगडात दोन पक्षी.

आता आकड्यांबद्दल. एच-इंडेक्स आणि नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर लिहायचा मोह होतो, कारण त्यांना जागा कमी लागते. लिहिण्याआधी संस्थेच्या सूचना वाचा. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये तयार झालेल्या ‘डोरा’ जाहीरनाम्यात पहिलीच शिफारस अशी आहे की नियतकालिकाचे आकडे एकेका निबंधाची किंवा संशोधकाची गुणवत्ता मोजायला वापरू नयेत. त्यावर सही केलेल्या संस्था परिचयात इम्पॅक्ट फॅक्टर लिहू नका असं अनेकदा स्पष्टच सांगतात. तरी लिहिलात तर दोन गोष्टी घडतात: सूचना वाचल्या नाहीत हे कळतं आणि परीक्षकाला तो आकडा बाजूला ठेवावा लागतो, म्हणजे जागाही वाया. एच-इंडेक्सचं दुखणं वेगळं आहे. होर्खे हिर्श यांनी २००५ मध्ये मांडलेला हा आकडा कधी कमी होत नाही आणि कारकिर्दीच्या लांबीसोबत वाढत जातो. पीएच.डी. होऊन सहाच वर्षं झालेली, त्यातही रजा घेतलेली व्यक्ती त्या मोजपट्टीवर वीस वर्षांच्या अनुभवाशेजारी आपण होऊन उभी का राहील? संस्थेने मागितलाच तर द्या, आणि तो कुठल्या डेटाबेसमधला, कुठल्या तारखेचा ते सोबत लिहा. गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. गूगल स्कॉलरचे बहुधा जास्त असतात.

सायटेशनच्या संख्येपेक्षा उपयोग सांगणारं वाक्य वजनदार असतं. प्रयोगासाठी तुम्ही रचलेल्या चाचणी-नळीचा आराखडा दुसऱ्या गटांनी वापरून निबंध प्रसिद्ध केले असतील तर ते लिहा, कारण ते तपासता येतं. ‘मोठ्या प्रमाणावर दखल घेतली गेली’ हे तपासता येत नाही. ‘परीक्षणाधीन’ आणि ‘लेखन चालू’ असे निबंधही सोडून द्या. स्वीकारलेला निबंध चालतो. डीओआय असलेला प्रीप्रिंट संस्थेने परवानगी दिली असेल तर चालतो. यापलीकडचं काहीही परीक्षकाला उघडून बघता येत नाही, म्हणून ते मोजलं जात नाही.

अनुदानाचा रकाना रिकामा वाटतो आहे, कारण तो तुम्ही रकमेच्या नजरेने बघता आहात. परीक्षक तिथे दोन गोष्टी शोधतो. पूर्वी कुणी स्पर्धेतून तुमच्यावर विश्वास टाकला का, आणि टाकल्यावर ठरलेलं काम ठरल्या वेळेत झालं का. छोट्या अनुदानाने दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोठ्या अनुदानाइतकंच चांगलं देता येतं, फक्त निष्पत्ती लिहावी लागते: किती काळ, तुमची भूमिका, रक्कम आणि त्यातून काय बाहेर आलं. नुसतं ‘मुख्य संशोधक, प्रारंभिक अनुदान’ एवढंच लिहून पुढे गेलात तर खरी गोष्ट सांगायची राहते. स्पर्धात्मक परीक्षणातून मिळालेली फेलोशिप किंवा मोठ्या सामायिक उपकरणावरचा वेळ हेही याच खात्यात जमा होतं. अनेकांना ते सुचत नाही.

मोठ्या प्रकल्पातल्या सहसंशोधकपदाबद्दल मात्र जपून. संपूर्ण प्रकल्पाची रक्कम स्वतःच्या नावापुढे लिहिणं ही या भागातली सर्वांत महागात पडणारी चूक. त्याच प्रकल्पाचा मुख्य संशोधक किंवा त्याला ओळखणारा कुणीतरी समितीवर असण्याची शक्यता छोट्या क्षेत्रात चांगलीच असते. एकूण रक्कम द्यायची तर तुमच्याकडचा वाटा आणि तुमच्याकडचं काम शेजारीच द्या. आणखी एक वाक्य इथे फार उपयोगी पडतं, ते म्हणजे चालू प्रकल्प आणि नवा प्रस्ताव यांची सरमिसळ होत नाही हे सांगणारं. एकाच कामासाठी दोनदा पैसे घेतले जात आहेत का, ही शंका चालू अनुदान दिसलं की येतेच. ती परीक्षकाने विचारण्याआधी एका वाक्यात मिटवा. विचाराधीन अर्जांची माहिती जिथे मागितली असेल तिथे पूर्ण द्या, ती लपवणं गैर आहे. पण परिचयात त्यांना स्थान नाही.

भविष्याच्या दिशेवर थोडं जास्त थांबू, कारण बहुतेक परिचय तिथेच घसरतात. ‘पुढील काळात सूक्ष्म प्लास्टिकच्या क्षेत्रात आघाडीचा संशोधन गट उभारण्याचा मानस आहे’ असं वाक्य कुणाच्याही परिचयात, कुठलाही विषय घालून बसवता येतं. त्यातून परीक्षकाला एवढंच कळतं की तुम्ही नव्या क्षेत्रात येऊ पाहता आहात, म्हणजे मूळ शंका आणखी वाढते. दिशा सांगायची म्हणजे जुन्या कामातून नवा प्रश्न कसा निघाला ते दाखवायचं. त्यासाठी तीन दुवे लागतात. पहिला: जुन्या निष्कर्षाने कुठला प्रश्न उघडा ठेवला. तुमच्याकडे तो आयता आहे. वेग वाढल्यावर थराचा वरचा भाग सुटत असेल, तर त्यात रुतलेले कणही एकदम पाण्यात उतरतात का? दुसरा: तो प्रश्न आधी का विचारता येत नव्हता आणि आता का येतो. इथे रामन निबंधातली नमुना-तयारी पुन्हा कामाला येते. तिसरा: अनुदान संपल्यावर हे काम कुठे जातं. हा तिसरा दुवा एकाच वाक्यात आटपा. त्यात प्रस्तावापेक्षा मोठी वचनं दिली, तर हे पैसे नेमके कशासाठी मागितले आहेत याबद्दलच गोंधळ होतो. प्रस्तावात प्रयोगशाळेतल्या नळ्या असतील आणि परिचयात मानवी आरोग्यावरचे परिणाम, तर समितीवरचा आरोग्यशास्त्रज्ञ लगेच विचारेल की तुमच्या गटात वैद्यकीय संशोधक कुठे आहे.

जे तुम्हाला येत नाही त्याचाही उल्लेख इथेच करा, पण तोडग्यासकट. कण वेगळे करताना होणाऱ्या बाहेरील भेसळीवर नियंत्रण ठेवायचा अनुभव तुमच्याकडे नसेल आणि सहसंशोधकाकडे असेल, तर तसं सरळ लिहा. परीक्षकाला ही उणीव दिसणारच आहे. ती तुम्हालाही दिसते आणि तिची सोय केली आहे, हे कळलं की तीच जागा भक्कम होते.

पंधरा महिन्यांच्या रजेला एक कंस पुरतो: कालावधी आणि ‘पालकत्व रजा’ एवढंच. त्याबद्दल क्षमा मागणारा सूर नको आणि खासगी तपशीलही नकोत. पण गाळूही नका, कारण प्रकाशनांच्या वर्षांतली मोकळी जागा कारणाशिवाय दिसली तर वाचणारा स्वतःच कारण ठरवतो. काही योजनांत पीएच.डी.नंतरच्या वर्षांची मर्यादा अशा रजेमुळे वाढवून मिळते, जसं युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या सुरुवातीच्या टप्प्यावरील अनुदानांत. तिथे पुराव्याची कागदपत्रं वेगळी जोडावी लागतात. परिचयातला कंस त्यांची जागा घेत नाही.

हे सगळं जोडलं की मजकूर साधारण असा दिसेल. कंसातले निबंध क्रमांक अर्जातल्या यादीचे आहेत. वर्षं आणि रकमा तुमच्या तुम्ही भरा, आणि जे तुमच्या बाबतीत खरं नसेल ते काढून टाका.

> पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत जिवाणूंचे थर कसे बांधले जातात आणि कसे सुटतात, हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. प्रवाहाचा वेग अचानक वाढल्यास थराचा वरचा भाग सुटतो व नळीलगतचा टिकतो, हे मी पहिली लेखक म्हणून दाखवले (निबंध १). त्यासाठीची चाचणी-नळी मी रचली. तिचा आराखडा खुला असून इतर दोन गटांनी तो वापरून निबंध प्रसिद्ध केले आहेत. क्लोरीन थरात किती खोलवर पोहोचतो, हे मी सूक्ष्म-इलेक्ट्रोडने मोजले (निबंध २). पीएच.डी.नंतर नव्या गटासोबत केलेल्या कामात थराचे रामन नकाशे मी घेतले आणि प्रतिदीप्ती कमी करणारी नमुना-तयारी विकसित केली (निबंध ३). एकूण ११ निबंध, ५ पहिली लेखक म्हणून (१५ महिने पालकत्व रजा, वर्षे).
>
> मुख्य संशोधक म्हणून मिळालेल्या दोन वर्षांच्या प्रारंभिक अनुदानातून (वर्षे, रक्कम) चाचणी-नळी, निबंध १ आणि खुला डेटासंच मुदतीत पूर्ण झाला. सध्या चार संस्थांच्या प्रकल्पात मी सहसंशोधक असून थरांच्या मापनाचा भाग व त्याचा निधी (रक्कम) माझ्याकडे आहे. त्या प्रकल्पात प्लास्टिक कणांचा अभ्यास नाही.
>
> निबंध १ ने एक प्रश्न उघडा ठेवला: सुटणाऱ्या थरासोबत त्यात अडकलेले प्लास्टिक कणही पाण्यात येतात का? थरातील कण ओळखण्याचा अडथळा निबंध ३ मधील नमुना-तयारीमुळे कमी झाला असून, प्रस्तावातील पद्धत तिच्यावर आधारलेली आहे. कण वेगळे करताना होणाऱ्या भेसळीचे नियंत्रण सहसंशोधक पाहतील. त्यांचा या कामाचा प्रकाशित अनुभव आहे. तीन वर्षांत प्रयोगशाळेतील नळ्यांसाठी कण सुटण्याचे मोजमाप पूर्ण झाल्यावर तीच पद्धत वापरातून काढलेल्या जुन्या नळ्यांवर लावण्याचा माझा विचार आहे.

आता गणित. हा मसुदा दोनशेच्या आसपास शब्दांचा आहे. वर्षं, रकमा आणि अनुदानांची पूर्ण नावं भरल्यावर तो वाढेल, म्हणून ती सोय आधीच ठेवली आहे. ढोबळ मानाने निम्म्याला थोडी कमी जागा प्रकाशनांना गेली, पाचव्या हिश्शाच्या जवळपास अनुदानाला आणि उरलेली दिशेला. हे प्रमाण सगळ्यांना लागू नाही. ज्यांची अनुदानं भरपूर आहेत पण नवा प्रस्ताव नेहमीच्याच वाटेवरचा आहे, त्यांनी दिशेला जास्त जागा द्यावी, कारण तिथे परीक्षक ‘यात नवं काय?’ असं विचारतो. ज्यांच्याकडे अजून अनुदानच नाही, त्यांनी तो परिच्छेद ओढून वाढवू नये. फेलोशिप किंवा उपकरणावरच्या वेळेचं एक वाक्य पुरे, आणि वाचलेली जागा स्वतःच्या हाताने केलेल्या कामाच्या तपशिलाला द्यावी. तुमच्याकडे शंका कौशल्याबद्दल आहे, म्हणून निबंध ३ दोनदा आला: एकदा झालेलं काम म्हणून आणि एकदा पुढच्या कामाचा पाया म्हणून. एवढ्याशा मजकुरात पुनरुक्ती परवडते ती फक्त अशा ठिकाणी.

मर्यादा शब्दांची आहे की अक्षरांची, तेही पाहून ठेवा. अक्षरांची असेल तर रिकाम्या जागा बहुधा धरल्या जातात, आणि ऑनलाइन फॉर्म जास्तीचा मजकूर काही वेळा न सांगता कापतो. नेमकं शेवटचं, दिशेचं वाक्य उडतं. मजकूर चिकटवल्यावर फॉर्ममधून पीडीएफ काढून शेवटची ओळ तपासा. त्याच बैठकीत परिचयातले आकडे यादीशी ताडून घ्या: निबंधांची संख्या, वर्षं, भूमिका, नावाचं स्पेलिंग, ऑर्किडचे सोळा अंक. परिचयात ११ आणि यादीत १० असं झालं, तर कारण साधं असलं तरी बाकी आकड्यांवरचा विश्वासही डळमळतो.

पाठवण्याआधी तुमच्या विषयाच्या शेजारच्या शाखेतल्या एकाला मजकूर एकदाच वाचायला द्या, कागद परत घ्या आणि विचारा: मला काय सापडलं होतं, हा प्रकल्प मला जमेल असं का वाटतं, आणि कुठे अडेल असं वाटतं? तिसऱ्या प्रश्नाला ‘कण ओळखताना’ असं उत्तर आलं, तर निबंध ३ चं वाक्य अजून नेमकं करावं लागेल. उत्तर दुसरंच काही आलं, तर शंकेचा टप्पा ओळखण्यात गफलत झाली असेल. मग तक्त्याचा पहिला रकाना पुन्हा भरा आणि कुठले तीन निबंध वर येतात ते पाहा.

दुसऱ्या एखाद्या संस्थेने हाच परिचय कथनात्मक सीव्हीच्या साच्यात मागितला, तर हा मजकूर लांबवून तिथे चिकटवू नका. रॉयल सोसायटीने २०१९ मध्ये मांडलेल्या ‘रेझ्युमे फॉर रिसर्चर्स’मध्ये चार भाग आहेत: ज्ञानात भर, माणसांची जडणघडण, संशोधक समुदायासाठीचं काम आणि समाजासाठीचं काम. तुमचा वरचा मजकूर पहिल्या भागातच जवळजवळ संपतो. चाचणी-नळीचा खुला आराखडा तिथे पहिल्याऐवजी तिसऱ्या भागात जास्त शोभेल, आणि दुसऱ्या भागासाठी विद्यार्थ्यांना शिकवलेलं, घडवलेलं नव्याने आठवावं लागेल. म्हणून तक्त्याला आत्ताच पाचवा रकाना जोडा: या निबंधात तुमच्या हाताखाली कोण शिकलं आणि ती व्यक्ती आता काय करते.